मुलाखतींचं वेळापत्रक: एक ओळ, एक मुलाखत

मुलाखतीच्या दिवसाचं वेळापत्रक बनवायला सांगितलं की बहुतेक जण एकाच पद्धतीने सुरुवात करतात. डावीकडे उमेदवारांची नावं आणि पुढे रकाने: पहिली फेरी किती वाजता, दुसरी किती वाजता, कोण घेणार, शेरा. मीही बरीच वर्षं असंच करत होते. कागदावर ते छान दिसतं, पण ‘साडेबाराला छोटी मीटिंग रूम मोकळी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक नावापुढचे दोन-दोन रकाने डोळ्यांनी चाळावे लागतात. बाहेर उमेदवार बसलेले, फोन वाजतोय आणि आपण स्क्रीनवर बोट ठेवून वाचतोय, अशी गत होते.

म्हणून पहिली गोष्ट: एक ओळ म्हणजे एक उमेदवार नव्हे, एक ओळ म्हणजे एक मुलाखत. एका उमेदवाराच्या दोन फेऱ्या असतील तर त्याच्या दोन ओळी. तक्ता लांब होतो, पण गूगल शीटला मोजता येतो.

एक उदाहरण घेऊन पूर्ण तक्ता बांधू. अंधेरी पूर्वेला, चकाला भागातलं ऑफिस. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी सात उमेदवार, शनिवारचा एकच दिवस. पहिली फेरी कामाच्या माहितीची (जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन वगैरे). ती अकाउंट्स मॅनेजर आणि सीनियर अकाउंटंट दोघं मिळून घेणार. दुसरी फेरी शाखाप्रमुख एकटे घेणार. खोल्या दोन: मोठी आणि छोटी. रविवार मी मुद्दाम टाळते. त्या दिवशी मध्य आणि हार्बरला मेगाब्लॉक आणि पश्चिमला जंबोब्लॉक असण्याची शक्यता असते, आणि उशिरा आलेल्याला दोषही देता येत नाही.

आधी वेळेचा हिशेब, मग शीट

मुलाखत 30 मिनिटांची असेल तर स्लॉट 30 मिनिटांचा ठेवायचा नाही. उमेदवार बाहेर पडल्यावर दोघांनी आपापले गुण लिहायला 10 मिनिटं लागतात, आणि ती दिली नाहीत तर गुण संध्याकाळी आठवून लिहिले जातात. तेव्हा सातातले तीन चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय कमकुवत उमेदवारानंतर आलेला साधारण उमेदवारही चमकदार वाटतो. आधीच्याचे गुण कागदावर उतरलेले असले की ही ओढ जरा कमी होते. म्हणून पहिल्या फेरीचा स्लॉट 40 मिनिटांचा. दुसरी फेरी 20 मिनिटांची, अधिक 10 धरून 30.

पहिल्या फेरीचे स्लॉट असे पडतात: 10:30, 11:10, 11:50, 12:30, मग जेवण, मग 13:50, 14:30, 15:10, 15:50. हे झाले आठ, आणि उमेदवार सात. आठवा स्लॉट चुकून उरलेला नाही. 12:30 चा स्लॉट राखीव आहे. प्रत्येकाची दुसरी फेरी त्याच्या पहिल्या फेरीच्या सुरुवातीपासून बरोबर 40 मिनिटांनी. म्हणजे आपले परीक्षक गुण लिहीत असतात तेवढी 10 मिनिटं उमेदवार पाणी पितो आणि छोट्या खोलीत जातो. फक्त राखीव जोडी जेवणाने तुटते: पहिली 12:30 ला, दुसरी 13:50 ला.

कोणाला कोणता स्लॉट द्यायचा हे नावाच्या अद्याक्षरावरून ठरवू नका, राहण्याच्या ठिकाणावरून ठरवा. सकाळी चर्चगेट आणि सीएसएमटीच्या दिशेने येणाऱ्या लोकलची गर्दी कशी असते ते सांगायला नको. विरारहून किंवा डोंबिवलीहून येणाऱ्याला 10:30 दिलं तर तो घामाघूम होऊन, शर्टाची इस्त्री मोडून येणार. 10:30 चा स्लॉट कुर्ल्याच्या किंवा जोगेश्वरीच्या माणसाला द्या. लांबच्यांना 11:50 किंवा जेवणानंतरचा पहिला. शेवटचा स्लॉटही त्यांना देऊ नका, कारण मग परतीची गर्दी त्यांच्याच वाट्याला येते. बोलावण्याची वेळ स्लॉटच्या 20 मिनिटं आधीची सांगायची, कारण गेटवर नोंद, पास आणि लिफ्टची रांग यात तेवढा वेळ जातोच.

तक्ता

रकाने या क्रमाने घ्या. A उमेदवार, B फेरी (1 किंवा 2), C सुरुवात, D शेवट, E आणि F मुलाखतकार, G खोली, H स्थिती. I आणि J मध्ये दोन टिकबॉक्स: पहिल्या मुलाखतकाराचे गुण आले, दुसऱ्याचे आले. K मध्ये मूल्यमापन. L, M, N मध्ये टक्कर तपासणी. O आणि P मध्ये मिनिटं; हे दोन रकाने नंतर लपवून टाकले तरी चालतात. नावांऐवजी उ-1, उ-2 असे कोड वापरा. नाव, फोन, बायोडेटा वेगळ्या फाइलमध्ये. सात उमेदवार आणि एक राखीव, प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे 16 ओळी: ओळ 2 ते 17.

सुरुवातीचा भाग असा दिसेल:

| उमेदवार | फेरी | सुरुवात | शेवट | मुलाखतकार 1 | मुलाखतकार 2 | खोली | स्थिती |
|---|---|---|---|---|---|---|---|
| उ-1 | 1 | 10:30 | 11:10 | मॅनेजर | सीनियर | मोठी | ठरली |
| उ-2 | 1 | 11:10 | 11:50 | मॅनेजर | सीनियर | मोठी | ठरली |
| उ-1 | 2 | 11:10 | 11:40 | शाखाप्रमुख | | छोटी | ठरली |
| उ-3 | 1 | 11:50 | 12:30 | मॅनेजर | सीनियर | मोठी | ठरली |
| उ-2 | 2 | 11:50 | 12:20 | शाखाप्रमुख | | छोटी | ठरली |
| राखीव | 1 | 12:30 | 13:10 | मॅनेजर | सीनियर | मोठी | राखीव |
| उ-3 | 2 | 12:30 | 13:00 | शाखाप्रमुख | | छोटी | ठरली |
| राखीव | 2 | 13:50 | 14:20 | शाखाप्रमुख | | छोटी | राखीव |

राखीव ओळींमध्येही खोली आणि माणसं लिहिलेली आहेत, ते लक्षात आलं असेल. एकदा मी राखीव वेळ फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवली होती. उशिरा आलेल्या मुलीला दुपारच्या मोकळ्या वेळेत घ्यायचं ठरवलं आणि छोट्या खोलीचं दार उघडलं, तर आत सेल्सवाल्यांची मीटिंग रंगलेली, टेबलावर समोसे. त्या मुलीची फेरी शेवटी पँट्रीशेजारच्या कोपऱ्यात झाली. तेव्हापासून राखीव ओळ तक्त्यात असते आणि खोलीचं बुकिंगही तिच्यासकट होतं.

शेवटची वेळ आणि मिनिटं

शीट वेळ साठवते ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून. 12:30 म्हणजे तिच्या लेखी 0.520833…, न संपणारा आकडा. अशा दोन आकड्यांची तुलना करताना शेवटच्या घरातला फरक आडवा येतो. मग एक मुलाखत 12:30 ला संपते आणि दुसरी 12:30 ला सुरू होते तरी शीट ‘टक्कर’ म्हणते. म्हणून आधी सगळं पूर्ण मिनिटांत करून घ्यायचं. ओळ 2 मध्ये अनुक्रमे O, P आणि D साठी:

```
=ROUND(C2*1440,0)
=O2+IF(B2=1,40,30)
=P2/1440
```

हे खाली ओळ 17 पर्यंत ओढा. D रकान्याला वेळेचं फॉरमॅट द्या, नाहीतर तिथे 0.46 असलं काहीतरी दिसेल. आता शेवटची वेळ कोणी हाताने लिहायची नाही. C बदलला की बाकी आपोआप बदलतं.

C रकान्यात मात्र एक खड्डा आहे. दुपारी पावणेदोन-दोनची वेळ लिहिताना बोटं सहज 1:50 टाइप करतात. शीटसाठी ते पहाटेचे 1:50. टक्कर दिसत नाही, कारण पहाटे कोणाचीच मुलाखत नसते! सगळं हिरवंगार, आणि दुपारी मोठ्या खोलीबाहेर दोन उमेदवार. यावर उपाय डेटा व्हॅलिडेशनचा. C2:C17 निवडून कस्टम फॉर्म्युला द्या आणि न बसणारी नोंद नाकारायला सांगा:

```
=AND(C2>=TIME(10,0,0),C2<=TIME(17,0,0))
```

B, E, F, G आणि H रकान्यांना ड्रॉपडाउन लावा, हाताने टाइप करू देऊ नका. मराठीत हे जास्तच गरजेचं आहे. ‘छोटी रूम’ आणि ‘छोटी रुम’ आपल्याला एकच वाटतात, शीटला त्या दोन वेगळ्या खोल्या वाटतात, आणि वेगळ्या खोल्यांत टक्कर होत नाही. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही तोच घोळ घालते.

टक्कर तीन प्रकारची

दोन मुलाखती एकमेकींवर येतात केव्हा? एक सुरू होण्याची वेळ दुसरीच्या शेवटाआधी असेल आणि तिचा शेवट दुसरीच्या सुरुवातीनंतर असेल तेव्हा. एवढंच तत्त्व. L2 मध्ये खोलीची तपासणी:

```
=COUNTIFS($G$2:$G$17,G2,$O$2:$O$17,"<"&P2,$P$2:$P$17,">"&O2)-1
```

शेवटी 1 वजा करतो, कारण प्रत्येक ओळ स्वतःलाही मोजते. उत्तर 0 आलं तर खोली मोकळी.

M2 मध्ये माणसाची तपासणी. मुलाखतकार E मध्ये असो वा F मध्ये, तो एकाच वेळी दोन ठिकाणी नको:

```
=COUNTIFS($E$2:$E$17,E2,$O$2:$O$17,"<"&P2,$P$2:$P$17,">"&O2)
+COUNTIFS($F$2:$F$17,E2,$O$2:$O$17,"<"&P2,$P$2:$P$17,">"&O2)-1
```

ही E मधल्या माणसाची झाली. F साठी याच सूत्रात E2 च्या जागी F2 घालून ते IF(F2="",0,…) मध्ये गुंडाळा आणि M2 मध्येच बेरजेत जोडा. F रिकामा असेल तर तपासायला कोणी नसतं.

तिसरी तपासणी मी बरीच उशिरा शिकले. दुसरी फेरी पहिलीच्या आधी लागली तर वरच्या दोन्ही सूत्रांना काहीच खटकत नाही, कारण खोली वेगळी, माणूस वेगळा. म्हणून N2 मध्ये क्रम बघायचा: ओळ दुसऱ्या फेरीची असेल तर त्याच उमेदवाराची पहिली फेरी तोवर संपलेली हवी.

```
=IF(B2=2,COUNTIFS($A$2:$A$17,A2,$B$2:$B$17,1,$P$2:$P$17,">"&O2),0)
```

L, M, N यांपैकी कुठेही 0 पेक्षा मोठा आकडा आला तर ओळ लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. मग मुद्दाम एक चूक करून बघा: उ-5 च्या दुसऱ्या फेरीची खोली ‘मोठी’ करा. ती 15:10 ला आहे आणि त्याच वेळी उ-6 ची पहिली फेरी मोठ्या खोलीत आहे, म्हणून दोन्ही ओळी लाल झाल्या पाहिजेत. एकच लाल झाली तर सूत्रात कुठेतरी डॉलरचं चिन्ह सुटलं आहे. तपासून खोली पूर्ववत करा.

उ-2 चा फोन येतो

शनिवार, 10:55. उ-2 डोंबिवलीचा. त्याला 11:10 देणं ही माझीच चूक होती, पण तेव्हा दुसरा स्लॉट उरला नव्हता. ‘मॅडम, घाटकोपरला उतरलोय, पण मेट्रोची रांग पार जिन्यापर्यंत आलीये.’ घाटकोपर ते चकाला मेट्रोने फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो रांगेत आणि तपासणीत. धरून चला साडेअकरा.

इथे पहिला मोह होतो तो सगळ्यांना 40 मिनिटं पुढे सरकवण्याचा. तसं केलं की पाच उमेदवारांना फोन, तीन मुलाखतकारांना निरोप, आणि संध्याकाळी शाखाप्रमुखांची गाडी खाली उभी. त्याऐवजी फक्त अदलाबदल करायची. उ-2 च्या पहिल्या फेरीची सुरुवात 12:30 करा, आणि राखीव ओळीची 11:10. दोनच खाने बदलले. लगेच उ-2 ची दुसरी फेरी लाल होते, कारण ती अजून 11:50 लाच आहे आणि पहिली आता 13:10 ला संपते. N रकाना नसता तर हे उ-2 आल्यावरच कळलं असतं. मग दुसऱ्या फेरीचीही तशीच अदलाबदल: उ-2 ला 13:50, राखीवला 11:50. लाल गेला.

बाकी कोणाच्या वेळेला धक्का लागला नाही. मोठ्या खोलीतल्या दोघांना 11:10 ते 11:50 मोकळा वेळ मिळाला, तोही चहात गेला नाही: त्यांनी उ-1 चे गुण नीट लिहिले. उ-2 ला दोन फेऱ्यांच्या मधे जेवणाची वेळ आली, तर त्याला कँटीनचं कूपन द्या. दुपारी उपाशी माणसाकडून जीएसटीची कलमं काढून घेणं बरं दिसत नाही.

राखीव स्लॉट एकच आहे, हे विसरू नका. दुसरा उमेदवारही उशिरा आला तर त्याला दिवसाच्या शेवटी, म्हणजे 16:30 ला पहिली आणि 17:10 ला दुसरी फेरी द्यावी लागेल. व्हॅलिडेशनची मर्यादा 17:00 असल्याने शीट ती दुसरी वेळ नाकारेल, आणि ते योग्यच आहे: तिथे शाखाप्रमुखांना विचारूनच मर्यादा वाढवायची. पावसाळ्यात, जुलैच्या शनिवारी, मी सातांऐवजी सहाच बोलावते आणि दोन स्लॉट राखीव ठेवते.

मूल्यमापनाची स्थिती

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि कारण एकच: ‘पूर्ण’ हा शब्द. मुलाखत पूर्ण झाली की मूल्यमापन पूर्ण झालं? दोघांपैकी एकाने गुण दिले आणि दुसरा विसरला, तर पूर्ण की अपूर्ण? म्हणून मी ‘पूर्ण’ हा शब्द H च्या ड्रॉपडाउनमध्ये ठेवतच नाही. तिथे फक्त ठरली, आले, झाली, आले नाहीत आणि राखीव. ‘आले’ हे रिसेप्शन टाकणार, ‘झाली’ हे मी. मूल्यमापनाचा रकाना कोणीही हाताने भरायचा नाही. तो सूत्राने निघतो, K2 मध्ये:

```
=IF(H2<>"झाली",H2,IF(COUNTIF(I2:J2,TRUE)>=COUNTA(E2:F2),"गुण आले","गुण बाकी"))
```

म्हणजे जितके मुलाखतकार तितक्या टिक हव्यात. शाखाप्रमुखांच्या ओळीत एकच टिक पुरते, कारण F रिकामा आहे. F मध्ये डॅश किंवा ‘नाही’ लिहू नका. COUNTA त्यालाही माणूस समजेल आणि ती ओळ दिवसभर ‘गुण बाकी’ म्हणत राहील.

गुण स्वतः या तक्त्यात कधीच ठेवू नका. सीनियर अकाउंटंटला आधी मॅनेजरने दिलेला 4 दिसला की त्याच्या हातून 2 लिहिला जात नाही. फार तर 3 लिहिला जातो. प्रत्येकाने वेगळा फॉर्म भरायचा, 1 ते 5 गुण आणि प्रत्येक गुणामागे एक ओळ कारण. फॉर्म मिळाला की मी टिक करते, एवढाच या तक्त्याचा गुणांशी संबंध. आणि गुणांची फाइल खरोखर वेगळी हवी. त्याच फाइलमध्ये दुसऱ्या टॅबवर ठेवून टॅब लपवला तर तो लपत नाही. फाइल पाहण्याची परवानगी असलेला माणूस तिची प्रत काढून ते टॅब उघडू शकतो.

संध्याकाळी पाच वाजता चर्चेला बसण्याआधी एकच आकडा बघायचा:

```
=COUNTIF(K2:K17,"गुण बाकी")
```

0 असल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही. त्या शनिवारी हा आकडा 1 होता. उ-2 ची पहिली फेरी, सीनियरची टिक नव्हती: जेवणाच्या वेळेत मुलाखत संपली आणि ते डबा खायला उठले ते उठलेच. त्यांना पाच मिनिटं बाजूच्या खोलीत बसवून फॉर्म भरून घेतला, कारण मॅनेजर तोवर उ-2 बद्दल बोलायला लागले होते आणि सीनियर मान डोलवत ऐकत होते.

एका तक्त्यातून अनेक कागद

हा तक्ता सगळ्यांना पाठवायचा नसतो. दारावर त्या खोलीपुरती यादी लागते, मुलाखतकाराला त्याच्यापुरती, वॉचमनला फक्त नावं आणि बोलावण्याच्या वेळा. वेगळ्या टॅबवर, तक्त्याच्या टॅबचं नाव ‘वेळापत्रक’ असेल तर, छोट्या खोलीसाठी:

```
=SORT(FILTER('वेळापत्रक'!A2:H17,'वेळापत्रक'!G2:G17="छोटी"),3,TRUE)
```

उमेदवाराला मात्र फक्त त्याच्या दोन वेळा, पत्ता आणि कोणत्या गेटने यायचं ते कळवा. एकदा मी घाईत पूर्ण तक्त्याचा स्क्रीनशॉट एका उमेदवाराला पाठवला होता, आणि तेव्हा कोड नव्हते, पूर्ण नावं होती. दारावरची यादीही कोडचीच लावा, आणि संध्याकाळी ती काढून फाडून टाका. सोमवारी सकाळी झाडूवाल्या मावशी विचारत होत्या, ‘ताई, हा उ-4 कोण, लागला का तो?’